धुरीची सूचना मागे घ्या : सरपंच आणि ग्राम आरोग्य समितीस खुले पत्र

मा. सरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि ग्राम आरोग्य समितीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात पंचायतीच्या फळ्यावर आणि वाडीवाडीच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सूचना आली. डेंग्यूचे दिवस आहेत, तेव्हा प्रत्येक घराने तिन्हीसांजेला दारं-खिडक्या लावून सुका कडुनिंबाचा पाला आणि नारळाची सोडणं यांची अर्धा तास धुरी करावी, असं तिच्यात म्हटलं आहे. खाली एक ओळ आहे : "उपाय घरगुती असल्याने कोणताही अपाय नाही." हे पत्र त्या शेवटच्या ओळीसाठी आहे. मी सिंधुदुर्गाच्या या किनारपट्टीवर ३१ वर्षं आरोग्य सेविका म्हणून फिरले. ती ओळ वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

सूचना चांगल्या हेतूनेच निघाली आहे, यात मला शंका नाही. आपल्याकडे धुरी नवी नाही. गोठ्यात गुरांना डास-माश्या छळू लागल्या की घमेल्यात सोडणं धुमसत ठेवायची, ही आपली जुनी रीत आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी दिली जायची. माझ्या थोरल्या मुलाला मी स्वतः ती दिली आहे. त्यामुळे हे पत्र कुणा आजीला दोष देण्यासाठी नाही.

आधी एका घरात मी जे पाहिलं ते सांगते. सात-आठ वर्षं झाली. पावसाळ्याचे दिवस होते, नवीनच बांधलेलं स्लॅबचं घर होतं. मी लसीकरणाचं कार्ड बघायला संध्याकाळी गेले, तर सरकत्या खिडक्या बंद, दार लोटलेलं, आणि आतल्या खोलीत पाळण्यापासून तीन-चार हातांवर घमेलं. सोडणं पावसाने दमट झाली होती, म्हणून पेट घेत नव्हती, नुसती धुमसत होती. वर पाला टाकला होता. पांढरा दाट धूर छताखाली थर धरून उभा होता आणि हळूहळू खाली पाळण्यापर्यंत उतरत होता. पाळण्यात सात महिन्यांची मुलगी. चार दिवस खोकला होता, म्हणून आजीने धुरी जरा जास्तच केली होती. डासही जातील, कफही सुटेल असं तिला वाटत होतं.

मी मुलीला ओटीवर आणलं, आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं, झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पोटाची हालचाल मोजली. मिनिटाला ५८ श्वास भरले. या वयात ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे श्वास जलद, न्यूमोनियाची शंका घ्यायची. शिवाय श्वास आत घेताना बरगड्यांच्या खालच्या कडेला खळगा पडत होता. तशी खूण दिसली की घरगुती उपाय बंद आणि थेट दवाखाना. त्याच रात्री तिला मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. पाच दिवसांनी ती घरी आली.

तो आजार धुरानेच झाला असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आज म्हणणार नाही. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. पण जंतू आत गेले तरी बाळाचं शरीर त्यांना बाहेर काढायला धडपडत असतं. श्वासनळीच्या आतल्या बाजूला अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहतात आणि कफात अडकलेली धूळ, जंतू वर ढकलत घशापर्यंत आणतात. धुराने या तंतूंची हालचाल मंदावते. खाली फुप्फुसाच्या तळाशी जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, त्या धुराचे कण गिळण्यातच गुंततात. म्हणजे ज्या वेळी बाळाला या झाडलोटीची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी त्याच वेळी आपण ती थांबवतो. खोकणाऱ्या बाळाला धुरी दिली की कफ सुटतो, हा आपला समज इथे उलटा पडतो. धुराने खोकला वाढतो आणि वाढलेल्या खोकल्याला आपण कफ सुटला म्हणतो.

"आमी धुरातच वाढलंव, आमकां काय झालां?" हे मला त्या घरातच ऐकायला मिळालं. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याची एक बाजू घराच्या बांधणीत आहे. ज्या घरांत आपण वाढलो त्यांना कौलं होती, माळा होता, भिंतीच्या वर आणि छपराच्या खाली वीतभर फट होती. धूर तापून वर जायचा आणि कौलांतून झिरपून निघून जायचा. पावसात चुलीचा धूर कौलांतून निघताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे. आताच्या स्लॅबच्या खोलीत त्याला वर वाटच नाही. दुसरी बाजू अशी, की त्या काळी कितीतरी घरांत मुलं न्यूमोनियाने जायची आणि "पोर टिकलं नाही" एवढंच म्हटलं जायचं. जे जगले तेच आज आपल्याला सांगताहेत की काही झालं नाही.

आता "अपाय नाही" याचा हिशेब करू. खोली दहा बाय बारा फुटांची, उंची नऊ फूट धरा. तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा मावते. घमेल्यात १०० ग्रॅम सोडणं, म्हणजे एका नारळाच्या सोडणातला थोडासाच भाग. चुलीत किलोभर लाकूड जळलं की साधारण ५ ग्रॅम अतिबारीक कण हवेत जातात. धुमसणारी वस्तू याहून जास्त सोडते, पण आपण कमीच धरू. १०० ग्रॅमचे झाले अर्धा ग्रॅम. त्यातले दहांपैकी नऊ भाग फटींतून बाहेर गेले असंही मानू. तरी उरलेले कण त्या खोलीत पसरले की दर घनमीटर हवेत सुमारे १,६०० मायक्रोग्रॅम होतात. एवढी हवा तासभरच राहिली आणि दिवसाचे बाकीचे २३ तास हवा अगदी निर्मळ असली, तरी २४ तासांची सरासरी ६५ ते ७० च्या आसपास येते. आपल्या देशाची २४ तासांची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली आहे. हे कण केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक असतात, म्हणून नाकात अडकत नाहीत, थेट खोल जातात.

सोडण दमट असलं की हिशेब आणखी बिघडतो. ज्वाळेत जळणाऱ्या वस्तूचा बराच भाग पूर्ण जळून जातो. धुमसणाऱ्या वस्तूचा अर्धवट जळलेला भाग पांढरा धूर होऊन बाहेर पडतो. धुरीसाठी आपल्याला नेमका तोच धूर हवा असतो, म्हणून आपण मुद्दाम पाण्याचा हात मारतो, ओला पाला टाकतो. त्या धुरात डोळ्यांत आणि घशात झोंबणारे वायू असतात आणि कार्बन मोनॉक्साईड असतो, ज्याला ना रंग ना वास. दारं-खिडक्या लावून घमेलं रात्रभर तसंच धुमसत ठेवलं तर मोठ्या माणसाच्याही जिवावर बेतू शकतं. आणि दमट सोडण पेटावं म्हणून कुणी खाली प्लॅस्टिकची पिशवी घालतं, तेही मी पाहिलं आहे.

हाच धूर मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त का बाधतो, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. तान्हं बाळ मिनिटाला तीस-चाळीस श्वास घेतं, आपण बारा ते अठरा. वजनाच्या मानाने बघितलं तर ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा, म्हणजेच तेवढा जास्त धूर आत घेतं. त्याच्या श्वासनळ्या अरुंद असतात. आपल्या नळीला जराशी सूज आली तर घसा खवखवतो, पण बाळाच्या नळीची रुंदी सुजेने निम्मी झाली तर हवा आत ओढायला सोळापट जोर लागतो. म्हणून त्याचं पोट उडतं, नाकपुड्या फुलतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याचं फुप्फुस अजून बांधून झालेलं नसतं. फुप्फुसात हवेचे जे बारीक फुगे असतात, ज्यांना वायुकोश म्हणतात, ते जन्माच्या वेळी काही कोटीच असतात आणि मोठेपणी तीस कोटींच्या वर जातात. त्यातली बरीचशी भर पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते. नेमक्या त्याच वर्षांत आपण पाळण्याशेजारी घमेलं ठेवतो.

धूर कमी केला की फरक पडतो का, असं कुणी विचारेल. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेवर घरांत याची नीट चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या घरांना धुराडं असलेली चूल दिली, निम्म्या घरांत उघडी चूल राहिली. धुराड्याच्या घरांत बाळांच्या वाट्याला येणारा धूर सुमारे निम्मा झाला. डॉक्टरांनी निदान केलेला एकूण न्यूमोनिया किती कमी झाला हे तिथे ठामपणे सांगता आलं नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. ती चाचणी चुलीच्या धुराची होती, धुरीची नव्हती. पण फुप्फुसाला चुलीचं लाकूड आणि नारळाचं सोडण यांत भेद करता येत नाही. चुलीचा धूर निदान स्वयंपाकघरात असतो. धुरी आपण मुलं झोपतात त्याच खोलीत करतो, तीही दारं लावून.

कडुनिंबाचं काय, तो तर औषधी आहे, असंही म्हणाल. कडुनिंबात किडींना आवरणारं जे मुख्य द्रव्य आहे, अझाडिरॅक्टिन, ते प्रामुख्याने बियांत, म्हणजे निंबोळीत असतं आणि उष्णतेने मोडतं. पाला जाळला की हाती उरतो तो पाल्याचा धूर, औषध नव्हे. धुराने डास दूर होतात हे खरं आहे. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आणि अंगाचा वास यांवरून डास माणूस शोधतो, आणि दाट धुरात त्याला तो माग लागत नाही. पण यात डास मरत नाही. धूर विरला की तो परत येतो. म्हणजे डास रात्रभर दूर ठेवायचा तर धूर रात्रभर ठेवावा लागेल.

आणि आता सूचनेतल्या मुख्य गोष्टीकडे, डेंग्यूकडे येते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो. उजाडल्यावरचे काही तास आणि सूर्य मावळायच्या आधीचे काही तास ही त्याची मुख्य वेळ. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर कानाशी भुणभुणणारे डास बहुतेक क्युलेक्स असतात. म्हणजे सूचनेतली धुरी डेंग्यूच्या डासाची मुख्य वेळ टळून गेल्यावर होते. मूल मात्र तो धूर रोज घेतं.

या एडिसला अंडी घालायला साठलेलं स्वच्छ पाणी लागतं, अगदी पेलाभर चालतं. आता आपल्या मागीलदारी जाऊन बघा. धुरीसाठी रचून ठेवलेल्या सोडणांच्या ढिगात उताणी पडलेली सोडणं आणि करवंट्या पावसाने भरलेल्या असतात. काठी घालून ढवळलं की पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. आपण डासांसाठी ज्या ढिगातून सोडण उचलतो, त्याच ढिगात पुढच्या आठवड्याचे डास तयार होत असतात. "कोरडा दिवस" आठवड्यातून एकदा पाळायला सांगतात तो याच आठ-दहा दिवसांच्या हिशेबाने. सोडणं छपराखाली रचा किंवा पालथी घाला, करवंट्या फोडा, पिंप आणि माठ घासून कोरडे करा, फ्रिजच्या मागचं भांडं ओता.

संध्याकाळच्या क्युलेक्सची जागा वेगळी आहे. तो घाण पाण्यात वाढतो. शौचालयाच्या टाकीची जी वायुनळी छपरावर गेलेली असते, तिच्या तोंडाला जाळी नसेल तर त्या टाकीतून रोज डास बाहेर पडत राहतात. नळीच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा दोरीने घट्ट बांधला की वाट बंद. हे काम एका घराला दहा मिनिटांचं आहे. सांडपाण्याची उघडी डबकी शोषखड्ड्याला जोडणं हे पंचायतीचं काम आहे, ते तेवढं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. पण जाळ्या बांधायला ठराव आणि एक दिवस पुरेल.

धुरी बंद करा म्हटलं की लोक कॉइल लावतील, ही माझी भीती आहे. म्हणून नवीन सूचनेत तेही स्पष्ट लिहावं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात एका कॉइलमधून सुटलेले अतिबारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. बाळासाठी मच्छरदाणीच हवी. ती दिवसाच्या झोपेलाही लावायची, कारण एडिस दिवसाचा. कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात, आणि बाळाचा हात जाळीला टेकून राहणार नाही एवढी ती ऐसपैस हवी, नाहीतर डास जाळीबाहेरून चावतो.

आपण सगळ्यांनी मिळून पुढचं करावं अशी विनंती आहे. आधीची सूचना मागे घेतल्याचं त्याच फळ्यावर आणि त्याच गटांवर लिहा, कारण नुसती नवी सूचना टाकली तर जुनीही पाळली जाते. पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी ज्या घरात आहे तिथे घरात धुरी नको, अंगणवाडीत तर मुळीच नको, असं साफ शब्दांत म्हणा. गोठ्यात गुरांसाठी धुरी करायची असेल तर वाऱ्याची दिशा बघून, धूर घराकडे येणार नाही असं घमेलं ठेवायला सांगा. समितीच्या अबंधित निधीतून मच्छरदाणीचं कापड घ्या. आणि आशाताईंना प्रत्येक आईला श्वास मोजायला शिकवायला सांगा : बाळ शांत असताना, दूध पीत नसताना, पूर्ण एक मिनिट, पोटाकडे बघून. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर मोजत बसू नका, लगेच निघा.

त्या सात महिन्यांच्या मुलीच्या घरी धुरी तेव्हापासून बंद आहे. आजीनेच बंद केली. आम्ही दोघींनी मिळून त्यांच्या वायुनळीला जाळी बांधली आणि मागचा सोडणांचा ढीग पडवीत हलवला. डास पुरते गेले नाहीत, पण संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवता येतील एवढे कमी झाले, असं ती सांगते. मुलगी आता शाळेत जाते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. मी येईन. जुन्या मच्छरदाण्या कापून, कडा शिवून वायुनळीच्या मापाच्या चाळीस जाळ्या मी तयार ठेवल्या आहेत. वरच्या वाडीत शौचालयं किती आहेत तो आकडा ग्रामसेवकांनी मला आधी कळवला, तर बाकीच्याही त्या दिवसापर्यंत शिवून होतील.

आपली,
गावातलीच एक निवृत्त आरोग्य सेविका